कर बदलला, बिल बदलले: गिऱ्हाइकाला सांगायचे कसे?

22 सप्टेंबर 2025 हा सोमवार होता आणि घटस्थापनाही त्याच दिवशी होती. त्या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. आदल्या संध्याकाळी पंतप्रधानांनी भाषणात 'जीएसटी बचत उत्सव' सुरू होत असल्याचे सांगितले होते. साबण, शाम्पू, ट्रॅक्टर, छोट्या गाड्या, टीव्ही अशी स्वस्त झालेल्या वस्तूंची यादी घरोघर पोचली होती. खामगाव, चिखली, मलकापूर, मेहकरच्या कापड दुकानांत गिऱ्हाईक आले ते हीच यादी डोक्यात घेऊन.

त्या यादीत एक गोष्ट ठळकपणे आली नव्हती. ज्या रेडीमेड कपड्याच्या एका नगाचा भाव 2,500 रुपयांच्या वर आहे, त्यावरचा कर 12 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर गेला होता. लग्नसराईत नेमके हेच कपडे विकले जातात: शेरवानी, ब्लेझर, घागरा, नवरदेवाचा सूट. त्यामुळे काउंटरवर जो प्रश्न येतो, तो साधारण असा असतो: "भाऊ, सरकारनं टॅक्स कमी केला म्हणते, अन् तुमच्या बिलात तर वाढला. हे काय लावलं मधातच?"

दुकानदाराचे उत्तर बहुधा खरेच असते. पण ते पैसे मोजायच्या वेळी येते, म्हणून सारवासारवीसारखे वाटते. दर बदलला की बिल बदलणारच. हा फरक छुपा चार्ज वाटू नये म्हणून काय करावे, बिल कसे लिहावे आणि कुठे चूक होते, हे या लेखात कापड दुकानाच्या उदाहरणाने पाहू. शेगावच्या लॉजवाल्यांचा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे, तो पुढे येईल.

आधी स्वतःची खात्री: 2,500 ची रेघ

गिऱ्हाइकाला समजावण्यापूर्वी नियम स्वतःला पक्का ठाऊक हवा. जुना नियम असा होता: एका नगाचा विक्रीभाव 1,000 रुपयांपर्यंत असेल तर 5 टक्के, त्यावर 12 टक्के. आता 2,500 रुपयांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 18 टक्के. म्हणजे हजार ते अडीच हजारांमधले कपडे स्वस्त झाले आणि अडीच हजारांवरचे महागले. साडी आणि मीटरने विकले जाणारे कापड यांना ही रेघ लागू नाही. साडी आठशेची असो वा आठ हजारांची, तिच्यावर आधीही 5 टक्केच होते आणि आताही 5 टक्केच आहेत.

अडीच हजार हा आकडा कर सोडून आणि बिलावर दाखवलेली सूट वजा करून मोजायचा असतो, आणि तो एका नगाचा असतो. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये गोंधळ होतो तो इथेच. नऊशे रुपयांचे तीन शर्ट घेतले की त्या ओळीची बेरीज 2,700 होते. सॉफ्टवेअर नगाऐवजी ओळीच्या बेरजेवर दर ठरवत असेल, तर तीनही शर्टांना 18 टक्के लागतात. ते चूक आहे. प्रत्येक शर्टाला 5 टक्केच हवेत. तपासायची रीत सोपी आहे: एक खोटे बिल करून त्यात नऊशेचे तीन शर्ट टाका आणि कर पाहा. 135 रुपये आले तर सॉफ्टवेअर बरोबर आहे. 486 आले तर ते दुरुस्त होईपर्यंत त्यावर बिल काढू नका.

या रेघेमुळे आणखी एक विचित्र गोष्ट घडते. 2,500 रुपयांच्या जाकिटावर 5 टक्के कर 125 रुपये, म्हणून गिऱ्हाईक 2,625 देते. शेजारच्या 2,501 रुपयांच्या जाकिटावर 18 टक्के कर 450 रुपये 18 पैसे, म्हणून बिल 2,951 रुपये 18 पैसे. भावात एक रुपयाचा फरक आणि बिलात सव्वातीनशेच्या वर. हे गिऱ्हाइकाच्या गळी उतरवणे खरेच कठीण आहे, म्हणून असे दोन नग शेजारी टांगू नयेत. 2,501 ते साधारण 2,800 या भावाच्या मालाचा फेरविचार करा. भाव 2,500 पर्यंत उतरवला तर तुमच्या गल्ल्यातून थोडे जाते, पण गिऱ्हाइकाचे त्याहून जास्त वाचते आणि माल हलतो.

"सगळं धरून किती?"

आपल्याकडे घासाघीस होते आणि ती गोल आकड्यावर थांबते. भांडणे बहुतेक तिथेच उगवतात. गिऱ्हाईक म्हणते "साडेचार हजार द्या-घ्या करा", दुकानदार मान हलवतो आणि बिल येते 5,310 चे. गिऱ्हाइकाच्या मनात साडेचार हजार म्हणजे सगळे धरून होते, दुकानदाराच्या मनात कर वेगळा. कर कितीही कायदेशीर असला तरी त्या क्षणी तो मागच्या दाराने घुसवल्यासारखा दिसतो.

म्हणून घासाघीस सुरू होतानाच एक वाक्य बोलायचे: "हा भाव कर धरून सांगतो" किंवा "यावर अठरा टक्के कर वेगळा पडेल." भाव कर धरून ठरला असेल, तर नंतर एक रुपयाही वर लावायचा नाही. बिलावर मात्र त्याच रकमेतून कर वेगळा काढून दाखवायचा. 4,500 ला 1.18 ने भागले की कपड्याचा भाव 3,813 रुपये 56 पैसे येतो आणि उरलेले 686 रुपये 44 पैसे हा कर. अनेक जण चुकून 4,500 चे थेट 18 टक्के काढतात आणि 810 रुपये कर दाखवतात. मग बिलातले आकडे जुळत नाहीत, आणि हिशेबी गिऱ्हाईक ते लगेच पकडते.

कर धरून भाव ठरवताना एक पट्टा टाळावा लागतो: 2,625 ते 2,950. या दोन आकड्यांमधली कुठलीही रक्कम एका रेडीमेड नगासाठी 'सगळे धरून' बसतच नाही. समजा 2,800 ठरले. त्यातून 18 टक्के काढले तर कपड्याचा भाव 2,373 च्या आत येतो, म्हणजे दर 5 टक्के हवा होता. आणि 5 टक्के काढले तर भाव 2,666 च्या वर जातो, म्हणजे दर 18 टक्के हवा होता. कोणत्याही बाजूने गेले तरी बिल चुकीचे. तेव्हा सौदा या पट्ट्यात आला की दुकानदाराने सरळ सांगावे: "2,625 ला देतो, किंवा हा दुसरा 2,960 चा बघा. मधला आकडा कराच्या हिशेबात बसत नाही." हे वाक्य ऐकून गिऱ्हाइकाला आश्चर्य वाटेल, पण ते खरे आहे आणि कॅल्क्युलेटरवर दाखवता येते.

मालावर कंपनीची छापील एमआरपी असेल तर मुद्दा आणखी सरळ होतो. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत. तिच्यावर कर लावता येत नाही, दर वाढला तरीही नाही. ब्लेझरवर 4,480 छापले असेल आणि त्यात कंपनीने 12 टक्के धरले असतील, तरी 22 सप्टेंबरनंतर तुम्हाला 4,480 मधूनच 18 टक्के काढून भरावे लागतात: भाव 3,796 रुपये 61 पैसे, कर 683 रुपये 39 पैसे. तोटा तुमच्या मार्जिनमधून जातो, आणि त्याची दाद पुरवठादाराकडे मागायची असते, गिऱ्हाइकाकडे नाही. दर बदलल्यावर उरलेल्या मालावर सुधारित किमतीचा स्टिकर लावण्याची मुभा केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दिली होती. ती उत्पादक, पॅकर आणि आयातदार यांना होती, आणि जुनी छापील किंमत झाकायची नाही ही तिची अट होती. दुकानात बसून एमआरपीवर कागद चिकटवणे यात बसत नाही.

बस्त्याचे एक बिल, आधी आणि नंतर

लग्नाच्या बस्त्यात एकाच बिलावर तऱ्हेतऱ्हेचा माल असतो, म्हणून त्याचे उदाहरण उपयोगी पडते. भाव तेच ठेवून, फक्त कर बदलल्यावर काय होते ते पाहा.

- शेरवानी, भाव 4,000: आधी 12 टक्क्यांनी 4,480, आता 18 टक्क्यांनी 4,720. वाढ 240 रुपये.
- कुर्ता-पायजमा, भाव 1,800: आधी 12 टक्क्यांनी 2,016, आता 5 टक्क्यांनी 1,890. घट 126 रुपये.
- साडी, भाव 6,000: आधीही 6,300, आताही 6,300.
- मुलीचा फ्रॉक, भाव 800: आधीही 840, आताही 840.

चारही मिळून आधी 13,636 आणि आता 13,750. फरक फक्त 114 रुपयांचा. पण गिऱ्हाइकाची नजर शेरवानीवर अडकते, कारण 720 हा कराचा आकडा तिथेच दिसतो. अशा वेळी नुसती वाढ समजावत बसू नका. कुर्त्यावर वाचलेले 126 रुपयेही त्याच श्वासात दाखवा. जो दुकानदार कमी झालेले स्वतःहून दाखवतो, त्याच्या वाढलेल्या आकड्यावर विश्वास बसतो. नुसते वाढलेलेच बोलून दाखवणाऱ्यावर बसत नाही, आणि तसे होणे साहजिक आहे.

केव्हा सांगायचे

सांगण्याची जागा आणि वेळ यावर निम्मे काम होते. बिल छापल्यावर सांगितलेला कर खुलासा ठरतो, तर भाव सांगताना सांगितलेला कर हा माहितीचा भाग असतो. बस्त्याला घरातली सात-आठ माणसे येतात, गादीवर माल उलगडत जातो आणि बेरीज शेवटी होते. म्हणून शेरवानी हातात घेतानाच सांगणे बरे: "काका, ही चार हजारांची आहे. अडीच हजारांच्या वरच्या रेडीमेडवर 22 सप्टेंबरपासून अठरा टक्के झाले, आधी बारा होते. म्हणजे 4,720 पडेल. साडीला पाचच टक्के आहेत, ते बदलले नाहीत."

या चार वाक्यांत पाच गोष्टी आल्या: भाव, कोणत्या मालाला, कोणत्या तारखेपासून, आधी किती होते आणि हाती शेवटी किती पडेल. यातली एक जरी गळली तरी प्रश्न उरतो. "सरकारने वाढवला, आम्ही काय करणार" हे वाक्य मात्र टाळा. त्यात माहिती काहीच नाही, आणि हात झटकल्यासारखे वाटते.

दुकानात मोठ्या अक्षरांत, मराठीत, एक पाटी हवी. काउंटरच्या मागे नको. कपडे पाहताना दिसेल अशा जागी. मजकूर असा ठेवता येईल:

- 22 सप्टेंबर 2025 पासून रेडीमेड कपड्यांवरील जीएसटी
- एका नगाचा भाव 2,500 रुपयांपर्यंत: 5 टक्के (1,000 च्या वर आधी 12 होते)
- एका नगाचा भाव 2,500 च्या वर: 18 टक्के (आधी 12 होते)
- साडी आणि मीटरचे कापड: 5 टक्के, बदल नाही
- 2,500 हा भाव कर सोडून आणि सूट वजा करून

शेवटची ओळ वगळू नका. 2,700 च्या कोटावर 10 टक्के सूट दिली की भाव 2,430 होतो आणि कर 5 टक्क्यांनी लागतो. शेजारच्या माणसाने तोच कोट सूट न घेता घेतला तर त्याला 18 टक्के. दोघांनी बिले एकमेकांना दाखवली की तुमच्यावर शंका येणार. पाटीवर ती ओळ असेल तर तिच्याकडे बोट दाखवता येते. सूट बिलावरच लिहिलेली असली पाहिजे. बिल पूर्ण भावाचे करायचे आणि तीनशे रुपये हातात परत द्यायचे, असे केले तर ती सूट कराच्या हिशेबात धरली जात नाही.

बिलावर काय दिसले पाहिजे

कराची रक्कम बिलावर ठळक दिसली पाहिजे, ही कायद्याचीच अपेक्षा आहे. प्रत्येक नगापुढे त्याचा भाव, सूट, कराचा दर आणि कर असे रकाने ठेवा. बस्त्याच्या बिलात दर वेगवेगळे असतात, म्हणून शेवटी एकच 'जीएसटी 1,150' अशी ओळ पुरत नाही; नेमकी तीच ओळ संशय वाढवते. 5 टक्क्यांचा माल किती, त्यावर कर किती. 18 टक्क्यांचा माल किती, त्यावर कर किती, असे दोन गट दाखवा. वरच्या उदाहरणात 5 टक्क्यांचा माल 8,600 आणि कर 430. 18 टक्क्यांचा माल 4,000 आणि कर 720.

सीजीएसटी आणि एसजीएसटी या दोन ओळी पाहून "कर दोनदा लावला" असे अनेकांना वाटते. ते एकाच कराचे दोन निम्मे भाग आहेत, एक केंद्राचा आणि एक राज्याचा. 18 टक्के म्हणजे 9 अधिक 9. बिलाच्या तळाशी छोट्या अक्षरात हे मराठीत छापून घेतले तर दर वेळी तोंडाने सांगावे लागत नाही.

कराच्या ओळीत दुसरे काहीही मिसळू नका. पॅकिंग, घरपोच पाठवणे, फिटिंग यांचे पैसे घेत असाल तर त्यांची ओळ त्यांच्या नावाने लिहा. 'टॅक्स व इतर' अशी ओळ लिहिणे म्हणजे गिऱ्हाइकाला संशयाचे आमंत्रण देणे होय. आणि भाव तुम्हीच वाढवला असेल तर तो करावर ढकलू नका. खामगावच्या चांदीच्या बाजारात हे स्पष्ट दिसते: चांदीवर 22 सप्टेंबरच्या आधीही 3 टक्के होते आणि नंतरही 3 टक्केच राहिले. पैंजणाचे बिल वाढले असेल तर ते चांदीच्या भावामुळे किंवा मजुरीमुळे. तिथे "जीएसटी वाढला" म्हणणारा सराफ खोटे बोलतो, आणि गिऱ्हाइकाच्या हातातल्या मोबाइलवर ते मिनिटभरात उघडे पडते.

"माल जुना, मग कर नवा का?"

हा प्रश्न चतुर गिऱ्हाईक हमखास विचारते, आणि त्यात तथ्य वाटते. दुकानदाराने शेरवानी ऑगस्टमध्ये 12 टक्के देऊन भरली, मग ऑक्टोबरात 18 का? उत्तर असे की जीएसटी विक्रीच्या वेळच्या दराने लागतो. दुकानदाराने खरेदीवर भरलेला कर त्याला वजावट म्हणून मिळतो, बाकीचा तो सरकारला भरतो. माल कधी आला याने गिऱ्हाइकाच्या दरात फरक पडत नाही.

हाच नियम उलट बाजूनेही लागू आहे, आणि तिथे दुकानदाराची कसोटी असते. कुर्ता 12 टक्क्यांनी भरला होता म्हणून तो संपेपर्यंत 12 टक्क्यांनीच विकणे चालत नाही. 22 सप्टेंबरपासून त्यावर 5 टक्केच घ्यायचे. ज्यांनी जुना साठा संपेपर्यंत जुना दर लावला, त्यांनी गिऱ्हाइकाकडून जास्तीचा कर घेतला. कराच्या नावाने घेतलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते, ती खिशात ठेवता येत नाही.

बदलून देण्याचा प्रश्न यातूनच येतो. 20 सप्टेंबरला 12 टक्क्यांनी नेलेली शेरवानी मापात बसली नाही म्हणून 25 ला परत आली. जुन्या बिलाची क्रेडिट नोट जुन्या दराने, म्हणजे 4,480 ची निघते. दुसरा नग नव्या बिलावर दिला की तो 4,720 चा होतो, आणि कपडा तोच असून 240 रुपये जास्त मागावे लागतात. दर बदलणार असल्याची तारीख आधी कळलेली असते, तेव्हा त्या आठवड्यातल्या विक्रीच्या वेळीच सांगून ठेवा: "बदलायची असेल तर रविवारच्या आत आणा, सोमवारपासून कर बदलतोय." हे न सांगता नंतर 240 मागणे गिऱ्हाइकाला बोचणारच.

आगाऊ रक्कम घेतली होती, आता दर कोणता?

लग्नाच्या ऑर्डरी महिनाभर आधी होतात. पैसे आधी, माल नंतर, मध्ये दर बदलला. यासाठी जीएसटी कायद्याच्या कलम 14 मध्ये नियम आहे आणि तो लक्षात ठेवायला सोपा आहे. तीन गोष्टी पाहायच्या: माल दिला कधी, बिल केले कधी आणि पैसे मिळाले कधी. तीनपैकी दोन ज्या बाजूला पडतात, तो दर.

शेरवानीची पूर्ण रक्कम 15 सप्टेंबरला मिळाली, पण बिल आणि माल ऑक्टोबरात दिले, तर नवा दर, 18 टक्के. तीच रक्कम आणि पक्के बिल दोन्ही 15 सप्टेंबरला झाले आणि माल ऑक्टोबरात गेला, तर जुना दर, 12 टक्के. गिऱ्हाईक म्हणते, "पैसे तर तेव्हाच दिले होते." त्याचे चूक नाही, पण नुसत्या पैशाने दर ठरत नाही. अर्धी रक्कम आधी आणि अर्धी नंतर, असा गुंता असेल तर बिल करण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारून घ्यावे.

पुढच्या वेळेसाठी आगाऊ रकमेच्या पावतीवर एक ओळ छापा: "कराचा दर कायद्याप्रमाणे, दर बदलल्यास अंतिम बिलात वाढ किंवा घट होईल." यात 'किंवा घट' हे शब्द गाळू नका.

दर कमी झाला तेव्हा: शेगावचा लॉज

दर उतरला तरी बिल समजावणे कधी कधी जास्त अवघड जाते. शेगावात गजानन महाराजांच्या दर्शनाला येणारे अनेक जण दिवसाला हजाराच्या आतली खोली घेतात. अशा खोलीवर 18 जुलै 2022 पूर्वी जीएसटी नव्हता. त्या दिवसापासून 12 टक्के लागला. 900 ची खोली 1,008 ला पडू लागली. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के झाले, म्हणजे तीच खोली 945 ला.

पण या 5 टक्क्यांसोबत एक अट आली: लॉजवाल्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. चादरी, गाद्या, रंगकाम, टीव्ही यांवर भरलेला कर आता त्याच्या खर्चातच राहतो. त्यामुळे कोणी भाडे 900 वरून 930 केले तर बिल 976 रुपये 50 पैसे होते. भाविकाने 945 ऐकलेले असते. इथे खरे सांगण्याची एकच रीत आहे: "कर बारावरून पाचवर आला. भाडे आम्ही तीस रुपयांनी वाढवले, कारण आमची खरेदीची वजावट बंद झाली. आधी 1,008 व्हायचे, आता 976.50." भाडेवाढ भाडेवाढ म्हणूनच सांगायची, दरपत्रकात तारखेसह लिहायची. पण कर उतरला तेवढीच भाडेवाढ करून बिल पुन्हा 1,008 वर नेऊन ठेवणे वेगळे. कर कमी झाल्याचा फायदा ग्राहकाला द्यावा, असे कलम 171 सांगते. आणि भाडेवाढ वजावटीच्या नुकसानीएवढीच आहे हे हिशेबाने दाखवता आले पाहिजे.

धार्मिक स्थळाच्या आवारातील, नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या हजाराच्या आतल्या खोल्यांना करसूट आहे. त्यामुळे "तिथे कर लागत नाही, तुमच्याकडे कसा?" असे भाविक विचारतो. दोन्ही बरोबर आहेत, हे शांतपणे सांगावे.

ज्यांना कर मागताच येत नाही

बुलढाणा जिल्ह्यातली बरीच छोटी दुकाने कंपोझिशन योजनेत आहेत किंवा नोंदणीच्या मर्यादेखाली आहेत. त्यांच्यासाठी हा सगळा प्रश्नच निराळा आहे. त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही आणि बिलावर कराची ओळ लिहिता येत नाही. कंपोझिशनवाल्याने दुकानाच्या पाटीवर आणि बिलावर तसे नमूद करणे बंधनकारक आहे. कर वाढल्याने त्याची खरेदी महागली असेल तर तो भाव वाढवू शकतो, पण तो भाव म्हणून. "वरून अठरा टक्के" असे त्याने म्हटले तर तो खरोखरच छुपा चार्ज आहे.

गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय तपासाल

वाचकांमध्ये दुकानदारांइतकेच ग्राहकही आहेत. पक्के बिल मागणे हा तुमचा हक्क आहे, आणि कराची रक्कम बिलावर वेगळी नसेल तर कर दिल्याचा पुरावाच उरत नाही.

- बिलावर 15 अक्षरांचा जीएसटी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला क्रमांक 27 ने सुरू होतो. gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये तो टाकला की दुकानाचे नाव, नोंदणी चालू आहे की रद्द, आणि दुकान कंपोझिशनमध्ये आहे का, हे दिसते.
- एमआरपी छापली असेल तर त्यावर एक पैसाही कर नको.
- अनेक नग घेतले असतील तर दर प्रत्येक नगाच्या भावावर लागला आहे का, ते पाहा.

काही चुकले असे वाटले तर आधी दुकानदाराला बिल दाखवून विचारा; बरेचदा सॉफ्टवेअरची चूक निघते आणि तिथल्या तिथे मिटते. नाही मिटली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे. एमआरपीपेक्षा जास्त घेतले असेल तर वैधमापन शास्त्र विभागाकडे, आणि नुकसानभरपाई हवी असेल तर बुलढाण्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाता येते. कलम 171 खालच्या नफेखोरीच्या नव्या तक्रारी मात्र 1 एप्रिल 2025 पासून स्वीकारल्या जात नाहीत, त्यामुळे त्या वाटेने वेळ घालवू नका. यातल्या कुठल्याही ठिकाणी पहिला प्रश्न बिलाचाच येतो, तेव्हा कर वाचवायच्या मोहाने कच्ची चिठ्ठी घेऊन आला असाल, तर तक्रारीला पुरावा उरत नाही.